आकृती नसताना संधी खर्च कसा काढायचा?

अकरावीच्या अर्थशास्त्रात अगदी सुरुवातीलाच फळ्यावर दोन अक्ष येतात आणि त्यांच्यामध्ये बाहेरच्या बाजूला फुगलेली एक रेषा. हा उत्पादन शक्यता वक्र. एक वस्तू जास्त हवी असेल तर दुसरी किती सोडावी लागेल, म्हणजेच संधी खर्च किती, हे त्या रेषेच्या उतारावरून वाचायचे असते. मग ही आकृतीच काढून घेतली तर?

प्रश्न कल्पनेतला नाही. सीबीएसईच्या प्रश्नपत्रिकेत आकृती पाहून सोडवायच्या प्रश्नाला दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी पर्यायी प्रश्न दिलेला असतो. लेखनिक प्रश्न वाचून दाखवतो आणि विद्यार्थ्यापाशी उरतात फक्त आकडे आणि शब्द. तेवढ्यावर संधी खर्च निघतो का? बहुतेक वेळा निघतो, आणि चित्रावरून काढण्यापेक्षा नेमका निघतो. काही वेळा मात्र निघत नाही.

एनसीईआरटीच्या सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पुस्तकातलेच उदाहरण पाहू. एका अर्थव्यवस्थेत मका आणि कापूस अशी दोनच पिके आहेत. मका शून्य असेल तर कापूस १० एकके होतो. मका १ केला तर कापूस ९, मका २ तर ७, मका ३ तर ४, आणि मका ४ केला तर कापूस शून्य. हे पाच शक्य संच. आकृतीत हेच पाच बिंदू असतात.

आता तिसरे एकक मका पिकवण्याची किंमत काय? मका २ वरून ३ वर गेला, म्हणजे १ ने वाढला. कापूस ७ वरून ४ वर आला, म्हणजे ३ ने घटला. जे सोडले त्याला जे मिळाले त्याने भागायचे: ३ भागिले १. तिसऱ्या एककासाठी ३ एकके कापूस गेला. याच रीतीने पहिल्या एककाची किंमत १, दुसऱ्याची २ आणि चौथ्याची ४ निघते. किंमत दर पायरीला वाढते आहे, आणि रेषा बाहेर फुगलेली असणे म्हणजे नेमके हेच. फुगवटा डोळ्यांनी दिसला नाही तरी १, २, ३, ४ या क्रमात तो ऐकू येतो.

किंमत वाढते ती साधनांमुळे. सगळी जमीन कापसाखाली असताना आधी मक्याकडे वळते ती कापसाला फारशी न मानवणारी जमीन. तिथला कापूस गेला तरी तोटा थोडाच. शेवटी वळवावी लागते ती कापसाची कसदार काळी जमीन, आणि तोटा चौपट होतो.

चुका होतात त्या दोन ठराविक ठिकाणी. पहिली, बदलांऐवजी एकूण आकडे घेण्याची. ३ मका आणि ४ कापूस या संचावर कुणी ४ भागिले ३ करतो. हे दोन पिकांचे प्रमाण झाले, त्यागाचा हिशेब नव्हे. कुणी १० मधून ४ वजा करून ६ ला ३ ने भागतो आणि उत्तर २ काढतो. हे अगदीच चूक नाही, पण ती पहिल्या तीन एककांची सरासरी आहे. प्रश्न तिसऱ्या एककाचा असेल तर उत्तर ३ च. दुसरी चूक भागाकार उलटा करण्याची. कापसाची किंमत विचारली असेल तर मका वर जातो: त्याच पायरीवर एक एकक कापसासाठी एक तृतीयांश मका सोडावा लागतो. ताळा सोपा आहे. दोन्ही उत्तरांचा गुणाकार १ यायला हवा.

कोष्टकाची एक मर्यादा मात्र आहे. मका बरोबर २ असताना, त्याच बिंदूवर, संधी खर्च किती? मागची पायरी २ सांगते, पुढची ३. मधले कोष्टकाला ठाऊक नाही. त्यासाठी सूत्र लागते. गंमत म्हणजे कापूस = १० − (मका + मका²) ÷ २ हे सूत्र वरच्या पाचही संचांना चपखल बसते, आणि त्यानुसार त्या बिंदूवरचा उतार २.५ येतो. पण याच पाच बिंदूंतून जाणाऱ्या दुसऱ्या रेषाही काढता येतील आणि त्यांचा उतार वेगळा असेल. छापील वक्रही तिथे खात्रीचा नसतो. चित्रकाराने पाच ठिपके जसे जोडले, तसा उतार आपण वाचतो.

रेषा सरळ असेल तर एवढेही लागत नाही. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ च्या ग्रंथात आंतरराष्ट्रीय व्यापार समजावला तो चार आकड्यांवर, एकाही वक्राविना. ठराविक कापडाला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसे लागतात, ठराविक वाइनला १२०. पोर्तुगालमध्ये त्याच कापडाला ९० आणि वाइनला ८०. इंग्लंडने वाइनचे एक एकक काढायचे तर १२० माणसे कापडातून काढावी लागतील, म्हणजे १.२ एकक कापड गेले. पोर्तुगालमध्ये ८० भागिले ९०, म्हणजे साधारण ०.८९. वाइन पोर्तुगालमध्ये स्वस्त पडते ती या अर्थाने. १९३० च्या दशकात गॉटफ्रीड हाबरलर यांनी हाच विचार संधी खर्चाच्या भाषेत नव्याने मांडला आणि श्रमाऐवजी सोडलेल्या वस्तूत किंमत मोजायची रीत व्यापारसिद्धांतात रुजली.

खरी अडचण आकड्यांची नसते. दिलेले संच सीमेवरचे आहेत की नाहीत, हे न कळण्याची असते. चित्रात बिंदू रेषेवर आहे की आत, हे एका नजरेत समजते. नुसत्या आकड्यांत समजत नाही. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिका घ्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये तिथे खासगी मोटारींचे उत्पादन थांबवून कारखाने युद्धसामग्रीकडे वळवले गेले. मोटारींचा त्याग उघड होता. तरीही १९३९ आणि १९४४ हे दोनच संच समोर ठेवले तर युद्धसामग्री अफाट वाढलेली दिसते आणि लोकांचा एकूण उपभोगही घटलेला दिसत नाही. घाईने पाहणारा म्हणेल, संधी खर्च शून्य. वस्तुस्थिती अशी की १९३९ मध्ये अमेरिकेत सुमारे १७ टक्के कामकरी बेकार होते, म्हणजे देश वक्राच्या बराच आत होता. १९४४ मध्ये बेकारी १ टक्क्याच्या आसपास आली होती, आणि दरम्यान नवे कारखाने उभे राहिल्याने वक्र स्वतःही बाहेर सरकला होता. हे दोन संच एका वक्रावरचे नव्हतेच. त्यांची वजाबाकी करून आलेला आकडा संधी खर्च नव्हे.

म्हणून आकृतीऐवजी प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांना एकच विनंती. ‘वरील वक्रावरून सांगा’ हे शब्द तसेच ठेवून चित्र गाळू नका, आणि त्याऐवजी संधी खर्चाची व्याख्याही विचारू नका. सीमेवरचे निदान दोन संच द्या, ते सीमेवरचे आहेत हे स्पष्ट लिहा, आणि कोणत्या वस्तूची किंमत कोणत्या वस्तूत हवी ते सांगा. एवढे दोन ओळींत मावते.