डबा दिवाळीत पोहोचणार नाही, हे कसं कळवायचं?

दिवाळीच्या तोंडावर घरगुती फराळ ऑनलाइन विकणाऱ्यांची खरी धावपळ डबे कुरिअरकडे दिल्यावर सुरू होते. पार्सल हबमध्येच अडकतं, ट्रॅकिंगवर दोन दिवस तीच ओळ दिसते आणि गिऱ्हाइकांचे फोन सुरू होतात. मग बहुतेक जण घाईघाईने असा निरोप धाडतात: ‘प्रिय ग्राहक, सणासुदीच्या गर्दीमुळे व काही अपरिहार्य कारणांमुळे आपली ऑर्डर पोहोचण्यास विलंब होऊ शकतो. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.’

हे वाचून राग वाढतो. उशीर झालेलाच असताना ‘होऊ शकतो’ म्हटलंय. कोणती ऑर्डर, ती कुठे आहे, कधी मिळेल, यातलं काहीच सांगितलेलं नाही. सणाच्या वस्तूची गोष्ट वेगळी असते. चादर चार दिवस उशिरा आली तरी चादरच असते, पण लक्ष्मीपूजन होऊन गेल्यावर फराळाचं निम्मं काम संपलेलं असतं. म्हणून गिऱ्हाइकाला दिलगिरीइतकीच वेळेवर माहिती हवी असते. दोन दिवस आधी कळलं तर ते जवळच्या दुकानातून चकली-चिवडा आणू शकतात. निरोप उशिरा गेला की तीही वाट बंद होते.

एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका बाईंनी बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलासाठी पुण्यातून १,४५० रुपयांचा डबा मागवला. वसुबारसेला, म्हणजे शुक्रवारी, पोहोचेल असा शब्द दिलेला. गुरुवारी सकाळी डबा पुण्यातच आहे असं दिसलं. तेव्हाच जावा असा निरोप हा:

‘नमस्कार ताई. तुमचा डबा उद्या वसुबारसेला बंगळुरूला पोहोचेल असं आम्ही सांगितलं होतं. तो पोहोचणार नाही. आम्हाला माफ करा. डबा मंगळवारी कुरिअरकडे दिला, पण तो अजून पुण्याच्या हबमध्येच आहे. लक्ष्मीपूजनाच्या आधी मिळेल अशी खात्री आज देता येत नाही. पाडव्यापर्यंत मिळावा असा प्रयत्न आहे. पदार्थ सोमवारी केलेले आहेत आणि पंधरा दिवस चांगले राहतील. उशिरा चालणार असेल तर “हो” कळवा. नको असेल तर “परत” कळवा, पूर्ण १,४५० रुपये आजच यूपीआयने पाठवू आणि डबा आम्ही मागे बोलावून घेऊ. शनिवारी दुपारी चार वाजता, डबा हलला असो वा नसो, मी स्वतः फोन करेन.’

यात कुरिअरचं नाव पुढे करून हात झटकलेले नाहीत, कारण पैसे घेतले ते विक्रेत्याने. कुरिअरने सांगितलेली तारीखही जशीच्या तशी पुढे ढकललेली नाही. पहिला उशीर लोक समजून घेतात, पण नवी तारीखही हुकली की पुढच्या कुठल्याच शब्दावर विश्वास बसत नाही. म्हणून जे हातात नाही त्याची खात्री दिलेली नाही. जे हातात आहे, म्हणजे पैसे आणि शनिवारचा फोन, त्याची मात्र पक्की वेळ दिली आहे. पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपनही नाही. या वेळचा हिशेब मिटायच्या आधी पुढच्या खरेदीचं बोलणं गिऱ्हाइकाला टोचतं.

पैसे परत करणं ही केवळ मनाची उदारता नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, सांगितलेल्या वेळेनंतर माल आला तर मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. अपवाद फक्त आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा आहे. दिवाळीची गर्दी दरवर्षी ठरलेल्या दिवसांत येते, तिला अशी आपत्ती म्हणणं कठीणच.

निरोप कसा पाठवता यालाही महत्त्व आहे. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप, ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच मिळतो. नवं गिऱ्हाईक नेमकं तिथे सुटतं, आणि आपण कळवलं या समजुतीत विक्रेता निवांत राहतो. सगळ्यांचा एक ग्रुप केला तर एकमेकांचे नंबर उघडे पडतात. त्यामुळे अडकलेल्या डब्यांची यादी काढून एकेकाला पाठवणं बरं. निरोप पैसे भरणाऱ्याला जावा, डबा घेणाऱ्याला नव्हे. भाऊबीजेची भेट असेल तर बहिणीला ती आधीच कळून जायची.

आणि पहिला निरोप पाठवायच्या आधी आपल्या पानावरची ‘दिवाळीपूर्वी घरपोच’ ही ओळ काढायला हवी. एकीकडे माफी मागायची आणि दुसरीकडे त्याच शब्दावर नवे पैसे घ्यायचे, हे एकाही गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं तर त्या माफीला काही किंमत उरत नाही.