बँकेत जमा झालेली रक्कम म्हणजेच उत्पन्न नव्हे

मुक्त व्यावसायिकाने पहिली हिशेबवही लिहिताना बँकेतील जमा रकमेलाच उत्पन्न मानू नये. समजा, एका अनुवादकाने ६०,००० रुपयांचे बिल दिले आणि १० टक्के करकपातीनंतर ५४,००० रुपये जमा झाले. अशा वेळी बँक खात्यात ५४,००० व ‘करकपात येणे’ खात्यात ६,००० रुपये नावे लिहून व्यावसायिक शुल्काच्या खात्यात पूर्ण ६०,००० जमा दाखवावेत. अन्यथा उत्पन्न कमी दिसते. बँकेची शिल्लक मात्र जुळत असल्याने चूक लक्षात येत नाही. स्वतःच्या बचतीतून वळवलेले पैसे भांडवल खात्यात, तर घरचा किराणा उचल खात्यात जावा. वर्षअखेरीस कपातीची बेरीज आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील करविवरणाशी ताडावी. तफावत आढळल्यास ग्राहकाकडे त्वरित विचारणा करावी.