सौरसंचाला मागाहून बॅटरी : एसी की डीसी?

नवी मुंबईत महावितरणच्या लाईनला जोडलेले सौरसंच लाईन गेली की भर उन्हातही बंद पडतात. हा बिघाड नव्हे. खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो.

मागाहून बॅटरी जोडण्याचे मार्ग दोन. डीसी जोडणीत पॅनेलची वीज एसीत रूपांतर न होता बॅटरीत जाते, म्हणून नासाडी कमी. पण जुना इन्व्हर्टर काढून हायब्रिड बसवावा लागतो. एसी जोडणीत जुना तसाच राहतो. बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर लाईन गेल्यावर घर लाईनपासून तोडतो व 50 हर्ट्झची वीज देतो. तिलाच लाईन समजून जुना पुन्हा सुरू होतो.

समजा, विहाराच्या छतावर 3 किलोवॅटचा संच आहे. मग बॅटरीचा इन्व्हर्टरही किमान 3 किलोवॅटचा हवा, कारण सारी जादा वीज त्यालाच झेलायची असते. बॅटरी भरली की तो फ्रिक्वेन्सी वाढवून सौर इन्व्हर्टरला आवरतो. हा इशारा जुना इन्व्हर्टर पाळतो काय, हे आधी विचारावे. भरल्या बॅटरीवर दुपारी मेन स्विच बंद करून पाहावे. दिवे वारंवार गेले तर जोडी जुळलेली नाही.

आमचे मत असे : जुना इन्व्हर्टर धडधाकट असेल तर एसी, तो बदलायचाच असेल तर डीसी.