स्नायूवाढीच्या तीन कारणांचं काय झालं?

२०१० साली अमेरिकेतल्या ब्रॅड शोनफेल्ड यांनी तोवरचं संशोधन चाळून स्नायूवाढीमागची तीन कारणं एका लेखात मांडली: स्नायूवर येणारा ताण, व्यायामात साचणाऱ्या द्रव्यांमुळे होणारी जळजळ आणि तंतूंना होणारी इजा. जिममध्ये ही त्रयी लगेच रुळली. त्यातली इजा तर सगळ्यांच्या ओळखीची होती. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, जिना उतरताना कठडा धरावा लागला, की व्यायाम ‘लागला’ असं आपण पूर्वीपासून समजत आलो होतो.

या समजुतीची खरी परीक्षा २०१६ मध्ये साओ पाउलोच्या फेलिपे दामास आणि सहकाऱ्यांनी घेतली. कधीच वजनं न उचललेल्या तरुणांकडून त्यांनी दहा आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला. पहिल्या, तिसऱ्या आणि दहाव्या आठवड्यात मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून दोन गोष्टी तपासल्या: तंतूंची मोडतोड किती झाली आणि नवं प्रथिन किती बनलं. पहिल्या आठवड्यात दोन्ही सर्वाधिक होती. पण कोणाचा स्नायू शेवटी किती वाढला, याच्याशी त्या आठवड्यातल्या प्रथिनाचा मेळच बसेना. तो बसला तिसऱ्या आठवड्यापासून, म्हणजे मोडतोड ओसरल्यावर. सुरुवातीचं बरंचसं प्रथिन डागडुजीतच खर्ची पडत होतं. याच गटाने दाखवलं की पहिल्या काही आठवड्यांत मापात दिसणारी वाढ बऱ्याच अंशी सूज असते. नव्या मुलाने तिसऱ्या आठवड्यात टेप लावून खूश होऊ नये, असं मी म्हणतो ते म्हणूनच. शिवाय दुखऱ्या स्नायूचा जोर कमी पडतो आणि पुढच्या वेळचा व्यायामही पातळ होतो.

जळजळीचा निकाल इतका सरळ लागला नाही. जपानमध्ये दंडाला पट्टा आवळून, रक्तप्रवाह अडवून हलकी वजनं उचलली तरी स्नायू वाढत होते, त्यामुळे तिची बाजू भक्कम वाटायची. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ मध्ये सराव असलेल्या ४९ पुरुषांना बारा आठवडे अभ्यासलं. एका गटाने जड वजनं ८ ते १२ वेळा उचलली, दुसऱ्याने हलकी २० ते २५ वेळा, आणि दोघांनीही पुढची उचल जमेना तोवर. वाढ जवळपास सारखी निघाली. मला यात ताणाचाच हात दिसतो. हलकं वजन उचलताना आधी छोटे तंतू राबतात. ते थकले की मोठ्यांना कामाला लागावं लागतं, हालचाल मंदावते आणि शेवटच्या चार-पाच उचलींत एकेका तंतूवर भरपूर ताण येतो. हलकं वजन पंधराव्या उचलीला सहज खाली ठेवणाऱ्याला हा लाभ मिळत नाही.

२०१९ च्या एका आढाव्यात शोनफेल्ड स्वतः सहलेखक होते. त्यात सर्वात भक्कम पुरावा ताणाच्याच बाजूने असल्याचं नोंदलं गेलं. मात्र तंतूच्या आत तो ताण नेमकं कोण ओळखतं, हा प्रश्न तिथेही सुटला नव्हता.