कॅब, जेवण, विमा : दरमहा किती रुपयांचे?

कोथरूडमध्ये राहणाऱ्या एका मुलीच्या हातात दोन ऑफर आहेत, असं धरू. हिंजवडीची कंपनी वर्षाला १५ लाख पगार देते. शिवाय न्यायला-आणायला कॅब, दुपारचं जेवण आणि आईवडिलांसह सगळ्यांचा पाच लाखांचा आरोग्य विमा. खराडीची कंपनी १६ लाख देते, पण विमा फक्त तिचा एकटीचा, आणि कॅब-जेवण काहीच नाही. दोन्हीकडे आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, म्हणजे महिन्याला साधारण बारा दिवस.

आधी तो वरचा एक लाख पाहू. तो सगळा हातात पडत नाही. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत करपात्र उत्पन्नाच्या १२ ते १६ लाखांच्या टप्प्यावर १५ टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. तो वजा जाता ८४,४०० रुपये उरतात, म्हणजे महिन्याला सुमारे सात हजार. हिंजवडीच्या सोयींना हा आकडा गाठायचा आहे.

इथे बहुतेकांचा हिशेब फसतो. ओला-उबरचे दर पाहून कॅबची किंमत लावली, तर दोन्ही फेऱ्या धरून महिन्याला दहा हजारांच्या वर आकडा जातो. पण कंपनीची गाडी नसती तर ही मुलगी रोज टॅक्सीने गेली असती का? नाही. खराडीला ती वनाजहून मेट्रोने रामवाडीपर्यंत जाईल आणि पुढे रिक्षा करेल. त्याचे दिवसाला अडीचशे धरले, तर बारा दिवसांचे तीन हजार होतात. तिच्यासाठी कॅबची किंमत तेवढीच. सोय नसती तर खिशातून खरोखर जे गेलं असतं, तेच मोजायचं. कंपनीला ती केवढ्याला पडते याच्याशी आपलं देणंघेणं नाही.

जेवणालाही हाच नियम. बाहेरच्या थाळीचा भाव लावायचा तर ती रोज बाहेर जेवणारी हवी. घरून डबा नेणार असेल तर वाचतो तो फक्त डब्याचा शिधा. काही दिवस डबा, काही दिवस बाहेर असं धरून दिवसाला शंभर रुपये लावू. बाराशे झाले. उपवासाचे दिवस असतील किंवा कॅन्टीनचं तिखट सोसत नसेल, तर आणखी कमी.

विम्याचं प्रकरण मात्र नाजूक आहे. आईवडिलांसाठी तशीच पॉलिसी बाहेर घ्यायची तर किती पडेल, याचं कोटेशन आधी मागवायचं. समजा वर्षाला ४८ हजार सांगितले, तर महिन्याचे चार हजार. नव्या करपद्धतीत या हप्त्यावर वजावट मिळत नसल्याने ते करानंतरच्या पैशातूनच जातात, त्यामुळे पूर्ण चार हजार मोजायला हरकत नाही. एवढंच नाही. वडिलांना मधुमेह असेल तर बाहेरची पॉलिसी जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. कंपनीच्या सामूहिक विम्यात बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. अशा घरात त्याची किंमत हप्त्याहूनही जास्त. पण नोकरी सुटली की हा विमाही सुटतो. त्या भीतीने आईवडिलांची वेगळी पॉलिसी चालूच ठेवणार असाल, तर कंपनीचा विमा ही फक्त वरची भर आहे; तिला चार हजार लावणं म्हणजे स्वतःची फसवणूक. आणि भाऊ केंद्र सरकारी नोकरीत असून आईवडील त्याच्या सीजीएचएस कार्डावर असतील, तर ही रक्कम जवळपास शून्यावर येते.

आता बेरीज करू. तीन हजार, बाराशे आणि चार हजार मिळून ८,२००. सात हजारांपुढे हिंजवडी जेमतेम बाराशेने सरस. आईवडिलांची वेगळी पॉलिसी आधीच असेल आणि विम्याला फक्त दीड हजार लावले, तर बेरीज ५,७०० वर येते आणि खराडी पुढे जाते. उलट, ऑफिस पाचही दिवस सुरू झालं तर कॅब आणि जेवणाचा आकडा बाराऐवजी बावीस दिवसांचा होतो आणि हिंजवडी पुन्हा वर.

या बेरजेला सुरुंग लावणारी एक गोष्ट असते : सीटीसीचा कागद. पुष्कळ कंपन्या विम्याचा हप्ता, जेवण, कॅब त्यातच धरतात. म्हणजे ‘१५ लाखां’मधले काही हजार आधीच या सोयींचे असतात आणि आपण ते वर पुन्हा मिळवतो. काही ठिकाणी कॅबसाठी आणि आईवडिलांच्या विम्यासाठी दरमहा पगारातून कापूनही घेतात. तसं असेल तर ती कपात किमतीतून वजा करायची. म्हणून एचआरला ईमेलवर विचारावं : या सोयी सीटीसीच्या आत आहेत की बाहेर, पगारातून काय कापलं जातं, विम्यात को-पे किंवा खोलीभाड्याची मर्यादा आहे का, आणि कॅब घराच्या दारापर्यंत येते की ठरलेल्या थांब्यापर्यंतच. रात्रपाळी असेल तर महिलांना सुरक्षित वाहतूक देणं ही महाराष्ट्रात मालकाची जबाबदारीच आहे. ती ऑफरमध्ये मिरवली असेल तर तिला वेगळी किंमत लावू नये.

कॅबमध्ये जाणारा वेळ मी इथे मोजलेला नाही. तीन-चार जणांना गोळा करत फिरणारी गाडी रोज पाऊण तास जास्त घेत असेल, तर त्या तीन हजारांतून किती वजा करायचे, हे त्या मुलीनेच ठरवायचं.