इंधन विमानाचे, सौदा हीटिंग ऑइलचा

विमानाच्या इंधनाचे फ्युचर्स फारसे खेळते नसतात. म्हणून अमेरिकी विमान कंपन्या न्यूयॉर्कच्या नायमेक्स बाजारात हीटिंग ऑइलचे फ्युचर्स घेत असत. एक सौदा 42,000 गॅलनचा. समजा, महिन्याभराने 21 लाख गॅलन इंधन लागणार आहे. मग सरळ 50 सौदे घ्यायचे?

नाही. दोन्ही भाव तंतोतंत एकत्र हलत नाहीत. समजा, इंधनाच्या मासिक भावबदलाचे प्रमाण विचलन गॅलनमागे 16 सेंट, फ्युचर्सचे 18 आणि सहसंबंध 0.9 आहे. 16 ला 18 ने भागून 0.9 ने गुणले की 0.8 येते. म्हणजे 40 सौदे पुरेत.

तरी धोका शून्य होत नाही. 16 सेंटांची अनिश्चितता सुमारे 7 वर येते. सहसंबंध ढासळला, तर हे गणित पुन्हा मांडावे लागते.