निवडीतून निर्माण होणारा ऋण सहसंबंध : अभियांत्रिकी प्रवेशाच्या ५०-५० सूत्राच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या चर्चेत एक विधान वारंवार ऐकू येते. बारावीला भरघोस गुण मिळविणारे विद्यार्थी प्रवेश परीक्षेत मागे पडतात आणि प्रवेश परीक्षेत चमकणाऱ्यांचे बारावीचे गुण मात्र बेताचे असतात, असे ते विधान होय. या विधानाला प्रत्यक्ष आकडेवारीचा आधारही असतो. वर्गातील विद्यार्थ्यांचे दोन्ही गुण घेऊन सहसंबंध गुणांक काढला, तर तो अनेकदा ऋण येतो. त्यावरून 'बारावी म्हणजे पाठांतर आणि प्रवेश परीक्षा म्हणजे आकलन' असा निष्कर्ष काढला जातो. परंतु हा ऋण सहसंबंध विद्यार्थ्यांच्या बुद्धीत किंवा अभ्यासपद्धतीत नसून प्रवेशाच्या नियमात असू शकतो. तो कसा निर्माण होतो, कसा ओळखावा आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संदर्भ : ५०-५० सूत्र

२०१४ मध्ये महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेऐवजी जेईई मेन ही परीक्षा ग्राह्य धरण्यात आली. गुणवत्ता यादी तयार करताना जेईई मेनच्या गुणांना ५० टक्के आणि बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या विषयांच्या गुणांना ५० टक्के भार देण्यात आला. २०१६ पासून राज्याची एमएचटी-सीईटी पुन्हा अभियांत्रिकी प्रवेशाचा मुख्य आधार बनली. राष्ट्रीय पातळीवरही २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनची क्रमवारी प्रवेश परीक्षा ६० टक्के व बारावी ४० टक्के अशा भाराने ठरत असे. म्हणजे त्या वर्षांत प्रवेश मिळालेला प्रत्येक विद्यार्थी हा दोन गुणांच्या बेरजेवर निवडलेला विद्यार्थी होता. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने ही 'बेरीज' फार महत्त्वाची आहे.

काल्पनिक उदाहरणाद्वारे स्पष्टीकरण

विषय सुलभ व्हावा म्हणून १०० अर्जदारांचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बारावीचे गुण ५०, ६०, ७०, ८० किंवा ९० यांपैकी एक आहेत. प्रवेश परीक्षेचे रूपांतरित गुणही याच पाच पातळ्यांवर आहेत. दोन्हींच्या एकूण २५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचे चार विद्यार्थी आहेत असे मानू. या समष्टीत दोन गुणांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. बारावीला ९० असणाऱ्यांची प्रवेश परीक्षेतील सरासरी ७० आहे आणि बारावीला ५० असणाऱ्यांचीही ७० च आहे. सहसंबंध गुणांक शून्य आहे.

आता दोन्ही गुणांची बेरीज १६० किंवा अधिक असणाऱ्यांनाच प्रवेश मिळतो असे धरू. २५ जोड्यांपैकी फक्त सहा जोड्या, म्हणजे २४ विद्यार्थी, या चाळणीतून पार होतात. त्यांची स्थिती पुढीलप्रमाणे आहे.

बारावीत ९० : प्रवेशित १२, प्रवेश परीक्षेतील सरासरी ८०
बारावीत ८० : प्रवेशित ८, प्रवेश परीक्षेतील सरासरी ८५
बारावीत ७० : प्रवेशित ४, प्रवेश परीक्षेतील सरासरी ९०

बारावीचे गुण जसजसे कमी होतात तसतशी प्रवेश परीक्षेतील सरासरी वाढत जाते. या २४ विद्यार्थ्यांचा सहसंबंध गुणांक उणे ०.५० येतो. कोणाही विद्यार्थ्याचा एकही गुण बदललेला नाही, बदलले आहे ते केवळ आपल्यासमोर कोण बसले आहे हे. बारावीला ७० गुण असलेला विद्यार्थी वर्गात दिसतो तो प्रवेश परीक्षेत ९० मिळाले म्हणूनच. ज्याला बारावीत ७० आणि प्रवेश परीक्षेतही ७० मिळाले, तो वर्गात आलेलाच नाही, त्यामुळे तो आपल्या आकडेवारीतही नाही. एका गुणातील उणीव दुसऱ्याने भरून काढावी लागते, ही प्रवेशाची अट आपण विद्यार्थ्यांचा स्वभाव म्हणून वाचतो.

या भ्रमाचे शास्त्रीय विवेचन अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये केले. पित्ताशयाचा दाह आणि मधुमेह यांचा संबंध रुग्णालयातील नोंदींवरून तपासणे कसे फसवे ठरते, हे त्यांनी दाखविले. सर्वसामान्य लोकसंख्येत दोन विकार परस्परांशी निगडित नसले, तरी रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये ते निगडित दिसू शकतात, कारण दाखल होणे ही गोष्ट दोन्ही विकारांवर अवलंबून असते. म्हणूनच या परिणामास बर्कसनचा विरोधाभास असे म्हटले जाते. रुग्णालयाचे दार आणि महाविद्यालयाचे दार या बाबतीत सारखेच काम करतात.

दुहेरी चाळणी आणि मधल्या फळीतील महाविद्यालये

वरील उदाहरणात आणखी एक वास्तव मिळवावे लागेल. दोन्ही गुण ९० असणारे चार विद्यार्थी राज्यातील वा देशातील नामांकित संस्थांत निघून जातात. बिडकीन-पैठण परिसरातील विद्यार्थी ज्या मधल्या फळीतील महाविद्यालयांत जातात, तेथे उरलेले २० विद्यार्थी येतात. त्यांच्यातील सहसंबंध गुणांक उणे ०.७९ इतका तीव्र होतो. खालून प्रवेशाची सीमारेषा आणि वरून अधिक चांगल्या संस्थेचे आकर्षण अशा दोन कात्र्यांमध्ये वर्ग सापडतो. बेरजेचा हा पट्टा जितका अरुंद, तितका ऋण सहसंबंध अधिक. समजा १७० वा त्याहून अधिक बेरीज असणारे सर्वच अन्यत्र गेले, तर उरलेल्या प्रत्येकाची बेरीज नेमकी १६० असेल आणि गुणांक उणे १ होईल. म्हणून दोन महाविद्यालयांतील गुणांक वेगळे आले, तर तो त्यांच्या विद्यार्थ्यांच्या गुणवैशिष्ट्यांतील फरक आहे असे लगेच मानता येत नाही.

मूळचा धन सहसंबंधही उलटू शकतो

प्रत्यक्षात दोन गुण परस्परांशी अगदीच असंबद्ध नसतात, अभ्यासू विद्यार्थी सामान्यतः दोन्हीकडे बरा असतो, असा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्त आहे. म्हणून त्याच १०० विद्यार्थ्यांची मांडणी बदलून पाहू. दोन्ही गुण समान असणाऱ्या प्रत्येक जोडीत आठ विद्यार्थी, १० गुणांचे अंतर असल्यास चार, २० चे असल्यास तीन, ३० चे असल्यास दोन आणि ४० चे असल्यास एक असे धरल्यास एकूण १०० च होतात, आणि सहसंबंध गुणांक अधिक ०.४४ येतो. पुन्हा १६० ची सीमारेषा लावली की ३० विद्यार्थी निवडले जातात आणि त्यांच्यातील गुणांक उणे ०.२१ होतो. दोन्हीकडे ९० असणारे आठ जण अन्यत्र गेले, तर तो उणे ०.७३ पर्यंत घसरतो. अर्जदारांत 'जो इकडे चांगला तो तिकडेही चांगला' हे खरे असतानाच वर्गात त्याच्या उलट चित्र दिसते.

निकषाच्या उपयुक्ततेविषयीचा गैरसमज

याचा अधिक गंभीर परिणाम धोरणावर होतो. 'प्रवेशाच्या वेळचे गुण आणि प्रथम वर्षाचा निकाल यांचा फारसा संबंध आढळत नाही, तेव्हा तो निकष काढून टाकावा' अशी शिफारस अनेकदा केली जाते. पहिल्या उदाहरणात प्रथम वर्षाचे यश बारावी व प्रवेश परीक्षा या दोहोंवर समप्रमाणात आणि पूर्णपणे अवलंबून आहे असे मानू. सर्व १०० अर्जदारांना प्रवेश दिला असता, तर बारावीचे गुण आणि ते यश यांचा सहसंबंध ०.७१ आला असता. निवडलेल्या २४ मध्ये तो ०.५० आणि मधल्या फळीतील २० मध्ये केवळ ०.३३ येतो. निकषाचे सामर्थ्य कमी झालेले नाही. त्याच्या आधारे चाळणी केल्यामुळेच ते वर्गाच्या आत दिसेनासे झाले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉज यांनी १९७५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पदव्युत्तर प्रवेशासंदर्भात हाच मुद्दा मांडला होता. एका निकषात कमी असलेल्यांना दुसऱ्यात अधिक असल्यामुळे प्रवेश मिळतो, म्हणून प्रवेशितांच्या आकडेवारीवरून निकषाची योग्यता ठरविता येत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

पडताळणी आणि मर्यादा

आपल्या नमुन्यातील ऋण सहसंबंध निवडीतून आला आहे काय, हे तपासण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग असा की ज्या दोन चलांचा सहसंबंध काढला, ती दोन्ही प्रवेशाच्या नियमात समाविष्ट होती काय, हे पाहावे. केवळ बारावीच्या गुणांवर प्रवेश झाला असेल, तर इतर बाबी समान असताना अशी चाळणी एकटी धन संबंधाला ऋण करीत नाही. गुणांचा पल्ला अरुंद झाल्याने सहसंबंध क्षीण होतो, एवढेच. २०१६ नंतरच्या सीईटी-आधारित प्रवेशात बारावीचे गुण प्रामुख्याने पात्रतेपुरते राहिले, त्यामुळे २०१४ च्या तुकडीची आणि नंतरच्या तुकडीची सरळ तुलना करणे योग्य होणार नाही.

दुसरा मार्ग विकीर्ण आलेखाचा आहे. बिंदूंच्या समूहाची खालची डावी कड तिरकस रेषेत कापल्यासारखी दिसत असेल, तर ती प्रवेशाची सीमारेषा होय. आरक्षणाचे प्रवर्ग व विद्यापीठ क्षेत्र यांनुसार सीमारेषा भिन्न असतात. सर्वांना एकत्र केल्यास अनेक तिरक्या पट्ट्या एकमेकींवर येऊन ऋण संबंध झाकला जातो किंवा पुसट होतो. म्हणून समान सीमारेषा असणारा प्रत्येक गट स्वतंत्रपणे तपासावा.

तिसरा आणि सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे प्रवेशितांऐवजी सर्व अर्जदारांच्या गुणवत्ता यादीवर तोच गुणांक काढणे. तेथे संबंध धन आणि वर्गात ऋण असेल, तर त्याचे कारण विद्यार्थ्यांच्या अभ्यासपद्धतीत शोधण्याआधी चाळणीत शोधावे लागेल.

मात्र याचा अर्थ प्रत्येक ऋण सहसंबंध आभासी असतो असा नव्हे. शिकवणी वर्गात वेळ दिल्याने बारावीच्या लेखी सरावाकडे दुर्लक्ष होते, हे खरेही असू शकेल. पण तसे असल्यास तो संबंध अर्जदारांच्या यादीतही दिसला पाहिजे. केवळ वर्गातील आकडेवारी या दोन शक्यतांमध्ये निवाडा करू शकत नाही.

निष्कर्ष

लघुशोधप्रकल्प वा प्रबंधिका यांसाठी आपण बहुधा आपल्याच महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा नमुना घेतो. हा नमुना आपण निवडण्यापूर्वीच प्रवेश प्रक्रियेने निवडलेला असतो. त्यातून यादृच्छिक पद्धतीने विद्यार्थी घेतले, तरी हा दोष दूर होत नाही, कारण जे दारातून आत आलेच नाहीत त्यांची निवड होण्याची शक्यता शून्यच राहते. म्हणून दोन गुणांच्या सहसंबंधाचा कोष्टक देताना ते विद्यार्थी कोणत्या नियमाने, किती सीमारेषेवर आणि कोणत्या वर्षी प्रवेशित झाले, याची नोंद त्याच कोष्टकाखाली देणे आवश्यक आहे. ही नोंद नसलेल्या ऋण गुणांकावरून विद्यार्थ्यांच्या क्षमतेविषयी विधान करू नये.